बीमचं सळई-ड्रॉइंग: सेक्शनपासून बार बेंडिंग शेड्यूलपर्यंत, एका बीमचा पूर्ण हिशेब

डिझायनर बीमचा आकार, सळयांची संख्या आणि रिंगांचं अंतर देतो. सळई नेमकी कुठे वळवायची, किती लांबीची कापायची आणि दोन सळया एकाच जागेवर येतील का, हे ड्रॉइंग करणाऱ्यालाच ठरवावं लागतं. तिथे राहिलेली चूक फिटर आपल्या पद्धतीने सोडवतो आणि स्लॅब भरल्यावर ती कोणालाच दिसत नाही. म्हणून इथे एकच बीम घेऊन तो शेवटपर्यंत नेऊ.

बीमचं नाव `B1`, रुंदी 230 मिमी, एकूण खोली 500 मिमी. दोन्ही टोकांना 300 × 450 चे कॉलम, 450 ची बाजू बीमच्या दिशेने. कॉलमच्या आतल्या फेसपासून दुसऱ्या कॉलमच्या आतल्या फेसपर्यंत 4000 मिमी. काँक्रीट एम30, सळई एफई 500डी, बीमचं कव्हर 25 मिमी, कॉलमचं 40 मिमी. कॉलम वरच्या मजल्यावरही पुढे जातात. खाली 16 मिमीच्या 3 सळया, वर 16 मिमीच्या 2 सलग सळया, शिवाय प्रत्येक टोकाला वर 16 मिमीची 1 जादा सळई, जी कॉलमच्या फेसपासून 1200 मिमी आत येते. रिंगा 8 मिमीच्या, दोन पायांच्या. टोकांना 90 मिमीवर आणि मध्ये 150 मिमीवर. भूकंपरोधक डिटेलिंग आयएस 13920 नुसार करायचं आहे.

सेक्शन काढताना

आधी एक गोष्ट पक्की करावी. आयएस 456 मधलं नाममात्र कव्हर सगळ्यात बाहेरच्या लोखंडापर्यंत मोजतात, आणि बीममध्ये सगळ्यात बाहेर रिंग असते. 25 मिमी हे काँक्रीटच्या फेसपासून रिंगेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर आहे. मुख्य सळईच्या केंद्रापर्यंत 25 धरून ठिपके काढले की रिंगेबाहेर जेमतेम 9 मिमी कव्हर उरतं. कागदावर हे दिसत नाही. साइटवर रिंग शटरिंगच्या फळीच्या अगदी जवळ येते आणि कव्हर ब्लॉक बसत नाही.

ऑटोकॅडमध्ये सेक्शन मिमीमध्ये, खऱ्या मापात काढावा आणि स्केल छपाईच्या वेळी द्यावा. `RECTANG` ने 230 × 500 चा चौकोन, `OFFSET` ने आत 25 वर रिंगेची बाहेरची रेष आणि आणखी 8 वर आतली रेष. रिंगेचं बाहेरचं माप 180 × 450 येतं. हे माप पुढे तीनदा लागणार आहे, तेव्हा बाजूला लिहून ठेवा. मुख्य सळईसाठी `DONUT` घेऊन आतला व्यास 0 आणि बाहेरचा 16 द्यावा, म्हणजे भरीव ठिपका मिळतो. त्याचं केंद्र काँक्रीटच्या फेसपासून 25 + 8 + 8 म्हणजे 41 मिमीवर येतं. कोपऱ्यातल्या सळया रिंगेच्या कोपऱ्यातच हव्यात, कारण रिंग त्यांनाच धरून उभी राहते.

ठिपके बसवले की आडवी जागा मोजावी. रिंगेच्या आत 180 − 16 म्हणजे 164 मिमी मोकळे. 16 च्या तीन सळया 48 मिमी खातात, उरलेल्या 116 मध्ये दोन फटी, प्रत्येकी 58 मिमी. 20 मिमीच्या खडीला किमान 25 मिमीची फट लागते, त्यामुळे इथे अडचण नाही. याच बीममध्ये खाली 5 सळया असत्या तर फट 21 मिमीवर आली असती आणि सळया दोन थरांत घ्याव्या लागल्या असत्या. सेक्शन खऱ्या मापात काढायचा तो यासाठीच.

सेक्शन दोन हवेत. कॉलमजवळचा `A-A`, ज्यात वर 3 आणि खाली 3 सळया, आणि मधला `B-B`, ज्यात वर 2 आणि खाली 3. एकच सेक्शन काढून खाली टीप लिहिण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. फिटर टीप वाचत नाही, चित्र पाहतो. त्याच्यासमोर फक्त मधला सेक्शन असेल तर टोकाची जादा सळई राहून जाते. काँक्रीटची रेष बारीक, सळई आणि रिंग जाड, एवढा फरक छापील कागदावर ठेवावा. रिंगेचा हूक एका वरच्या कोपऱ्यात, 135 अंशांत आत वळलेला दाखवावा आणि पुढच्या रिंगेत तो दुसऱ्या कोपऱ्यात येईल असं टिपेत लिहावं, म्हणजे सगळे हूक एकाच सळईवर येणार नाहीत.

टोकाची गोष्ट

टोकाच्या कॉलममध्ये सळई किती आत न्यायची, इथे सगळ्यात जास्त विचार लागतो. आयएस 13920 प्रमाणे कॉलमच्या आतल्या फेसपासून मोजलेली लांबी म्हणजे विकास लांबी अधिक सळईच्या व्यासाच्या 10 पट, वजा वळणाची सूट. विकास लांबी म्हणजे काँक्रीटने सळई पूर्ण ताकदीपर्यंत धरून ठेवायला लागणारी लांबी. एम30 आणि एफई 500 ला 16 मिमीच्या सळईची विकास लांबी 725 मिमी येते. त्यात 160 मिळवायचे. 90 अंशांच्या वळणाला व्यासाच्या 8 पट म्हणजे 128 ची सूट मिळते. उत्तर 757, आपण 760 धरू.

ही 760 आडव्या आणि उभ्या भागात वाटायची आहे. कॉलमची खोली 450, पलीकडच्या बाजूला कॉलमचं कव्हर 40, कॉलमची रिंग 8 आणि कॉलमची सळई 16, म्हणजे 64 मिमी आधीच व्यापलेले. बीमची सळई 70 मिमी अलीकडे थांबवली तर ती 380 मिमी आत जाते. उरले 380, तो खाली वळणारा उभा पाय. वरच्या सळईची बाहेरची कड बीमच्या माथ्यापासून 33 मिमीवर आहे. पायाचं टोक 33 + 380 म्हणजे 413 मिमीवर, म्हणजे 500 खोलीच्या आत थांबतं.

हे तपासणं महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे कॉलम बीमच्या तळापर्यंत आधी भरतात आणि बीमचं लोखंड नंतर बांधतात. पाय बीमच्या तळाखाली जाणारा असेल तर त्याला जायला वाटच नसते. मग तो साइटवर कापला जातो किंवा आडवा वाकवून सोडून दिला जातो. कॉलम 300 खोलीचा असता तर आडवा भाग 230 आणि पाय 530 झाला असता, बीमच्या एकूण खोलीपेक्षा जास्त. असं दिसलं की ड्रॉइंग पुढे रेटू नये. डिझायनरला कळवून सळईचा व्यास कमी करून घ्यावा किंवा कॉलमची दिशा बदलून घ्यावी.

आता खालच्या सळया. त्यांचे पाय वर वळतात. वरच्या आणि खालच्या कोपऱ्यातल्या सळया एकाच उभ्या रेषेत आहेत, त्यामुळे दोन्हींचे पाय 380 वर काढले तर ते एकमेकांवर येतात. खालच्या सळया प्रत्येक टोकाला 40 मिमी अलीकडे थांबवाव्यात, म्हणजे दोन पायांत 24 मिमीची मोकळी फट राहते. आडवा भाग 340, पाय 420. खालची सळई तळापासून 33 वर आहे, म्हणून पायाचं टोक 453 वर, पुन्हा बीमच्या आतच.

आडव्या दिशेलाही एक नजर टाकावी. बीम कॉलमच्या मध्यावर असेल तर बीमचा फेस कॉलमच्या फेसपासून 35 मिमी आत, आणि बीमच्या कोपऱ्यातली सळई कॉलमच्या फेसपासून 68 ते 84 मिमीच्या पट्ट्यात. कॉलमची सळई 48 ते 64 मध्ये. जेमतेम 4 मिमी मोकळे, पण सळई जाते. भिंतीच्या बाजूने बीम कॉलमच्या फेसला लावून घेतला असेल तर दोन्ही सळया भिडतात. मग बीमची सळई कॉलमच्या सळईच्या आत घ्यायची, हे ड्रॉइंगमध्ये दाखवावं लागतं.

कॉलआउट कसे लिहायचे

कॉलआउटमध्ये पाच गोष्टी हव्यात: संख्या, प्रकार, व्यास, मार्क आणि जागा. रिंगेला अंतर आणि पायांची संख्या अधिक. आपल्या बीममध्ये खालच्या सळयांचा मार्क `a`, वरच्या सलग सळयांचा `b`, जादा सळईचा `c` आणि रिंगांचा `d`. कॉलआउट असे:

```
SEC A-A
TOP : 2-T16-b + 1-T16-c
BOT : 3-T16-a
STPS: 2L-T8-d @ 90 C/C

SEC B-B
TOP : 2-T16-b
BOT : 3-T16-a
STPS: 2L-T8-d @ 150 C/C
```

काही ऑफिसांत `T` ऐवजी `#` वापरतात, तर कुठे व्यासाचं चिन्ह, जे ऑटोकॅडमध्ये `%%c` टाइप केलं की येतं. कोणतंही चालेल, पण एका प्रकल्पात एकच असावं आणि त्याचा अर्थ पहिल्या शीटवर लिहिलेला असावा. लीडरची रेष सळईच्या ठिपक्याला टेकलेली हवी. तीन सळयांच्या ओळीला एकच लीडर लावून `3-T16` लिहिणं ठीक, पण वर जादा सळई `c` दोन `b` च्या मध्ये आहे, तिला वेगळा लीडर द्यावा. नाहीतर कोणता ठिपका 1200 वर संपतो ते कळत नाही.

मार्क हा सळईच्या आकाराचा असतो, जागेचा नाही. लांबी, व्यास किंवा वळण यांतलं काहीही बदललं की मार्क बदलतो. आपल्याच बीममध्ये याचं चांगलं उदाहरण आहे. `a` ची मापं 420 + 4680 + 420 आणि `b` ची 380 + 4760 + 380. दोन्हींची बेरीज 5520, व्यासही एकच, म्हणून कापायची लांबी तंतोतंत सारखी. शेड्यूलमध्ये फक्त लांबी पाहणारा म्हणेल, दोन्ही एकच मार्क करून टाका. तसं केलं की पाचही सळया एकाच मापात वळतात आणि टोकाला ज्या 24 मिमीच्या फटीसाठी एवढा हिशेब केला ती नाहीशी होते. वळलेल्या सळयांच्या जुडीला `B1-a`, `B1-b` असे पत्र्याचे टॅग लावायला सांगावं.

रिंगा मोजताना

टोकाच्या दाट रिंगांचा भाग कॉलमच्या फेसपासून प्रभावी खोलीच्या दुप्पट. प्रभावी खोली 500 − 41 म्हणजे 459, दुप्पट 918 मिमी. पहिली रिंग फेसपासून 50 मिमीवर. तिथून 90 च्या टप्प्याने 140, 230 असं जात दहावी रिंग 860 वर येते. 918 अजून झाले नाहीत, म्हणून अकरावी 950 वर. एका टोकाला 11, दोन्हींना मिळून 22.

आता दोन्हीकडच्या 950 च्या रिंगांमध्ये 4000 − 1900 म्हणजे 2100 मिमी उरले. 150 ने भागले तर बरोबर 14 फटी. 14 फटींना आतल्या रिंगा 13, कारण दोन्ही कडेच्या रिंगा आधीच मोजल्या आहेत. एकूण 35.

घाईचा हिशेब प्रत्येक भागाला वेगळा भागाकार करतो आणि दर वेळी 1 मिळवतो: 918 ला 12, दोनदा म्हणून 24, मधल्या 2164 ला 16, एकूण 40. पाच रिंगा जास्त. धोका काही नाही, पण असेच तीस बीम असतील तर दीडशे रिंगा. त्या ढिगात पडून राहतात, आणि मग दुसऱ्या बीमच्या रिंगा कमी पडल्यावर मापाचा विचार न करता तिथे बांधल्या जातात. भागाकाराऐवजी रिंगांच्या जागा लांबीच्या सेक्शनवर काढूनच मोजाव्यात.

रिंगेची कापायची लांबी

इथे प्रचलित आडाखा फसवतो. आडाखा सांगतो: बाहेरच्या चारही बाजू मिळवा, प्रत्येक हूकला व्यासाच्या 10 पट घ्या, मग 90 अंशांच्या प्रत्येक वळणाला व्यासाच्या दुप्पट आणि 135 अंशांच्या वळणाला तिप्पट वजा करा. आपल्या रिंगेसाठी बाजू 2 × (180 + 450) म्हणजे 1260, हूक 160, वजावट 48 + 48 म्हणजे 96. उत्तर 1324 मिमी.

आता हीच रिंग मधल्या रेषेने मोजू. वळणाची आतली त्रिज्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे 16 मिमी धरली तर मधल्या रेषेची त्रिज्या 20. बाहेरच्या मापाच्या मानाने 90 अंशांच्या एका वळणात सुमारे 16.6 मिमी कमी होतात, तीन वळणांचे 50. हूकच्या कोपऱ्यात दोन्ही बाजू 24-24 मिमी आधीच वळू लागतात, म्हणून आणखी 48 वजा. पण 135 अंशांची एक कमान 47 मिमी लांब असते, दोन हूकच्या मिळून 94 मिळवायच्या. 1260 − 50 − 48 + 94 = 1256. म्हणजे सरळ शेपटी सोडून नुसती वळलेली रिंगच 1256 मिमी खाते.

सळई 1324 ची कापली तर दोन शेपट्यांना 68 मिमी उरतात, प्रत्येकी 34. आयएस 13920 च्या 2016 च्या आवृत्तीत वळणानंतरची सरळ शेपटी व्यासाच्या 6 पट आणि किमान 65 मिमी मागितली आहे. आडाख्याने केलेली रिंग त्याच्या जवळपास निम्म्यावरच राहते. आडाख्यातले 10 पट ही वळणासकट मोजलेली लांबी धरली जाते आणि वर वळणाची वजावटही होते, म्हणून सरळ भाग दोन्हीकडून खाल्ला जातो.

वरच्या हिशेबातली वजावट आणि कमानी जवळजवळ एकमेकांना खोडतात, 1260 चे 1256 झाले, बस. म्हणून या आकाराच्या बंद रिंगेसाठी सोपा नियम निघतो: बाहेरच्या चार बाजूंची बेरीज अधिक दोन सरळ शेपट्या. शेपटी 80 मिमी ठेवली तर 1260 + 160 म्हणजे 1420. किमान 65 असताना 80 घेतले, कारण पिनवर हाताने वळवताना थोडं इकडेतिकडे होतंच.

साइटवरून या आकड्याला विरोध येईल, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. 12 मीटरच्या सळईत 1324 च्या 9 रिंगा अगदी बसतात. 1420 च्या 8 च बसतात आणि 640 मिमीचा तुकडा उरतो. पण 65 ची शेपटी घेऊन 1390 केले तरी 8 च निघतात. नववी रिंग फक्त हूक आखूड करूनच मिळते. तपासायला सोपं: तयार रिंगेच्या हूकमध्ये वळण जिथे संपतं तिथून टेप लावायचा.

शेड्यूल

मुख्य सळयांत 90 अंशांच्या एका वळणाला व्यासाच्या दुप्पट म्हणजे 32 मिमी वजा केले आणि उत्तर पुढच्या दहावर नेलं. `a` आणि `b` ला दोन वळणं, 5520 − 64 म्हणजे 5460. `c` चा आडवा भाग 380 + 1200 म्हणजे 1580, पाय 380, एक वळण, म्हणून 1930. वजन `d²/162` ने: 16 मिमीला मीटरमागे 1.58 किलो, 8 मिमीला 0.395.

| मार्क | व्यास | आकार आणि बाहेरची मापं | नग | कापायची लांबी, मिमी | एकूण मीटर | वजन, किलो |
|---|---|---|---|---|---|---|
| `B1-a` | 16 | पाय वर: 420 / 4680 / 420 | 3 | 5460 | 16.38 | 25.88 |
| `B1-b` | 16 | पाय खाली: 380 / 4760 / 380 | 2 | 5460 | 10.92 | 17.25 |
| `B1-c` | 16 | एल: 380 / 1580 | 2 | 1930 | 3.86 | 6.10 |
| `B1-d` | 8 | रिंग 180 × 450, शेपटी 80 | 35 | 1420 | 49.70 | 19.63 |

16 मिमीचं एकूण 49.23 किलो, 8 मिमीचं 19.63, मिळून 68.86. शेड्यूलच्या वर एक ओळ हवीच: सगळी मापं बाहेरून बाहेर. काही फिटर रिंगेचं माप आतून धरतात. तसं झालं तर 180 × 450 ची रिंग बाहेरून 196 × 466 होते आणि दोन्ही बाजूंचं कव्हर 17 वर येतं. बॉक्समधल्या रेखाचित्रातही माप बाहेरच्या कडेला बाण लावूनच दाखवावं. `c` ला डावी-उजवी असे वेगळे मार्क लागत नाहीत, सळई उलटी फिरवली की झालं.

कापणीचा आराखडा शेड्यूलसोबतच द्यावा. 16 च्या तीन सळया लागतात. दोन सळयांतून 5460 चे दोन-दोन तुकडे निघतात आणि प्रत्येकी 1080 मिमी उरतात. तिसरीतून 5460 चा एक आणि 1930 चे दोन तुकडे काढले की 2680 उरतात. फिटरला हे सांगितलं नाही तर तो `c` साठी चौथी सळई काढतो. 8 च्या पाच सळया, प्रत्येकी 8 रिंगा, म्हणजे 40 होतील. पाचव्या सळईतून तीनच कापून थांबायला सांगावं.

ड्रॉइंग सोडण्यापूर्वी सेक्शन आणि शेड्यूल समोरासमोर ठेवून एकेका मार्कची संख्या जुळवावी. `A-A` मध्ये 6 ठिपके दिसतात. शेड्यूलमध्ये 16 च्या सळया 7 आहेत, कारण `c` दोन टोकांना दोन आणि एका सेक्शनमध्ये एकच दिसते. हा फरक समजावता आला तर मोजणी बरोबर आहे. आणि डिझायनरने नंतर बीमची खोली बदलली, समजा 500 ची 450 केली, तर फक्त रिंगेचं माप बदलून भागत नाही. 918 बदलतं, रिंगांची संख्या बदलते, आणि खालच्या सळईच्या 420 च्या पायाचं टोक 453 वर म्हणजे बीमच्या माथ्याच्या बाहेर जातं. वर कॉलम असलेल्या मजल्यावर ते खपून जाईल, गच्चीच्या स्लॅबला नाही.